चारशे फॉर्म कोणत्या प्रश्नाला पुरतात?

गोंदिया जिल्ह्यात हमीभावाने धान खरेदी करणाऱ्या दोन यंत्रणा आहेत. एक राज्य सहकारी पणन महासंघ आणि दुसरी आदिवासी विकास महामंडळ. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा आदिवासीबहुल पट्ट्यात प्रामुख्याने महामंडळाची केंद्रे चालतात, इतरत्र महासंघाची. भाव दोन्हीकडे एकच. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता आणि तो यंत्रणा पाहून बदलत नाही. शेतकऱ्याचा अनुभव मात्र बदलू शकतो. नोंदणीला किती खेटे घालावे लागले, बारदाना वेळेवर मिळाला का, काट्यावर नंबर कधी लागला, चुकारे खात्यात कधी जमा झाले, यावर त्याचे समाधान ठरते.

अशा वेळी कुणाच्याही मनात येणारा प्रश्न म्हणजे कोणत्या यंत्रणेच्या केंद्रांवर शेतकरी जास्त समाधानी आहेत? शेतकरी उत्पादक कंपनी, एखादी संघटना किंवा समाजकार्याचे विद्यार्थी ही पाहणी सहज हाती घेऊ शकतात. बैठकीत कुणीतरी म्हणते, चारशे फॉर्म भरून घेऊ, तेवढे पुरतात. हा लेख ते फॉर्म छापायला टाकण्याआधी वाचावा, कारण चारशे फॉर्म एका प्रश्नाला पुरतात आणि दुसऱ्याला पुरत नाहीत.

चारशेचा आकडा कुठून येतो ते आधी पाहू. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांपैकी किती टक्के समाधानी आहेत, एवढा एकच आकडा हवा असेल, तर नमुन्यातून निघालेल्या टक्केवारीभोवतीचे मार्जिन, म्हणजे मार्जिन ऑफ एरर, असे काढतात:

```
मार्जिन = 1.96 × √( p × (1 − p) / n )
```

यात p म्हणजे समाधानी असलेल्यांचे प्रमाण आणि n म्हणजे फॉर्मची संख्या. p निम्मे धरले की मार्जिन सर्वांत मोठे येते, म्हणून नियोजनात तेच धरण्याची पद्धत आहे. n चारशे घातले की उत्तर ०.०४९ येते, म्हणजे जवळपास ५ टक्के. पाहणीत ६४ टक्के समाधानी निघाले, तर खरा आकडा साधारण ५९ ते ६९ च्या दरम्यान असेल असे म्हणता येते, आणि अशी पद्धत वापरून काढलेल्या शंभर पट्ट्यांपैकी सुमारे ९५ पट्ट्यांत खरा आकडा सापडतो. संपूर्ण जिल्ह्याच्या एका आकड्यासाठी हे पुरेसे आहे.

पण आपला प्रश्न तुलनेचा आहे. चारशे फॉर्म दोन गटांत वाटले की प्रत्येकात दोनशे उरतात. समजा अ यंत्रणेच्या केंद्रांवरचे ६८ टक्के शेतकरी समाधानी निघाले आणि ब यंत्रणेचे ६० टक्के. प्रत्येक आकड्याभोवतीचे मार्जिन आता साडेसहा-सात टक्क्यांचे झाले. शिवाय दोन्ही आकडे हलणारे आहेत, त्यामुळे त्यांतला फरक कोणत्याही एका आकड्यापेक्षा जास्त हलतो. दोन्ही गटांचे p × (1 − p) / n वेगवेगळे काढून त्यांची बेरीज करायची, वर्गमूळ घ्यायचे आणि १.९६ ने गुणायचे. इथे ते ९.४ टक्के येते. म्हणजे आठ टक्क्यांचा दिसणारा फरक खरे तर उणे १.४ पासून १७.४ पर्यंत कुठेही असू शकतो. अ यंत्रणा बरीच सरस असेल, किंवा दोघी सारख्याच असतील. या फॉर्मांवरून ते सांगता येत नाही.

हे पाहणी संपल्यावर कळून उपयोग नाही, म्हणून आधी पॉवर काढायची. पॉवरचा प्रश्न असा की, दोन गटांत खरोखरच अमुक एवढा फरक असेल, तर आपली पाहणी तो पकडण्याची शक्यता किती? समजा प्रत्यक्षात एका यंत्रणेचे ७० टक्के शेतकरी समाधानी आहेत आणि दुसरीचे ६०. दहा टक्क्यांचा हा फरक लहान नाही. तरीही दोनशे-दोनशे फॉर्मांच्या पाहणीची पॉवर सुमारे ५५ टक्के येते. शंभर वेगवेगळ्या चमूंनी अशीच पाहणी केली, तर साधारण ४५ चमू 'लक्षणीय फरक आढळला नाही' असे लिहून मोकळे होतील. त्यांच्या मोजणीत चूक नसेल, पण अहवाल वाचणारा त्याचा अर्थ 'फरक नाही' असा घेईल आणि त्या वाक्यावर एखाद्या केंद्राची तक्रार निकाली निघेल. मला या विषयात सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच वाक्याची.

सर्वसाधारण रिवाज पॉवर किमान ८० टक्के ठेवण्याचा आहे. त्यासाठी फॉर्म किती लागतील, हे आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत निघते:

```
power.prop.test(p1 = 0.60, p2 = 0.70, power = 0.80)
```

उत्तर येते प्रत्येक गटात ३५६, म्हणजे एकूण ७१२. संगणक जवळ नसेल तर कागदावरही अंदाज बांधता येतो. दोन्ही प्रमाणांची सरासरी घ्या, इथे ०.६५. ती एकातून वजा केलेल्या संख्येने, म्हणजे ०.३५ ने, गुणा. त्याला १६ ने गुणून फरकाच्या वर्गाने, म्हणजे ०.०१ ने, भागा. ३६४ येतात. गावपातळीवरच्या नियोजनाला एवढी अचूकता पुरेशी आहे.

या हिशेबात फरकाचा वर्ग भागाकारात बसलेला आहे, हे नीट लक्षात घ्यावे. पकडायचा फरक निम्मा केला की फॉर्म चौपट होतात. ६० आणि ६५ मधला फरक पकडायचा म्हटले तर प्रत्येक गटात जवळपास १,४७० फॉर्म लागतात. म्हणून 'किती फॉर्म' याच्या आधी 'किती फरक' हे ठरवावे लागते आणि ते सांख्यिकी सांगू शकत नाही. तो निर्णय धान विकणाऱ्यांचा आणि खरेदी केंद्र चालवणाऱ्यांचा आहे. बैठकीत सरळ विचारावे, फरक किती निघाला तर आपण काहीतरी वेगळे करू, निवेदन देऊ, काटे वाढवून मागू? पाच टक्क्यांवर कुणी हालणार नसेल, तर पाच टक्के पकडण्याचा खर्च कशाला? आणि दहावर हालणार असाल, तर चारशेवर थांबणे म्हणजे वेळ वाया घालवणे.

दोन गटांचे आकारही शक्यतो सारखे ठेवावेत. चारशेपैकी तीनशे फॉर्म एका यंत्रणेचे आणि शंभर दुसरीचे भरले, तर तुलनेसाठी त्यांची ताकद दीडशे-दीडशे फॉर्मांएवढीच उरते. जिथे जाणे सोपे तिथले फॉर्म जास्त भरले जातात, आणि देवरी-सालेकसाकडची जंगलातली केंद्रे मागे पडतात. हे सोयीपोटी घडते, पण किंमत तुलनेला मोजावी लागते.

आता फॉर्म भरण्याच्या पद्धतीकडे येऊ, कारण इथे कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात फसतो. वरचे सगळे आकडे प्रत्येक शेतकरी स्वतंत्रपणे निवडला आहे असे गृहीत धरतात. आपण मात्र केंद्रावर जातो आणि तिथल्या रांगेतले लोक गाठतो. एका केंद्रावरच्या सगळ्यांनी तोच काटा, तोच बारदाना, तोच ग्रेडर पाहिलेला असतो. त्यामुळे त्यांची उत्तरे एकमेकांसारखी येतात आणि चाळिसावा फॉर्म पहिल्या दहांपेक्षा फारसे नवे सांगत नाही. हे साम्य एका आकड्यात मांडतात. तो ०.०५ धरू, अशा पाहण्यांत हा आकडा अवास्तव नाही. मग केंद्रामागे ४० फॉर्म भरल्यास गरज १ + ३९ × ०.०५, म्हणजे २.९५ पट वाढते. दहा केंद्रांवर चाळीस-चाळीस असे चारशे फॉर्म म्हणजे प्रत्यक्षात १३६ स्वतंत्र फॉर्म, आणि ५ टक्क्यांचे मार्जिन साडेआठच्या घरात जाते. केंद्रामागे दहाच फॉर्म भरले तर गरज १.४५ पटच वाढते. आपले ३५६ मग ५१६ होतात आणि प्रत्येक यंत्रणेची ५२ केंद्रे गाठावी लागतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. साम्य ०.०५ असेल, तर एका केंद्रावर कितीही फॉर्म भरा, त्यांची किंमत वीस स्वतंत्र शेतकऱ्यांपेक्षा वर जात नाही. म्हणून केंद्रे वाढवावीत, केंद्रामागचे फॉर्म कमी करावेत. एखाद्या यंत्रणेची केंद्रे मोजकीच असतील, तर सगळीच घ्यावीत. सगळी घेता आली तर या हंगामापुरते ही अडचण बरीच सौम्य होते.

रांगेत उभ्या असलेल्यांना विचारण्यात आणखी एक खोट आहे. जो केंद्रावर थांबून कंटाळला आणि व्यापाऱ्याला धान देऊन मोकळा झाला, तो रांगेत नसतोच. खरेदी झालेल्यांच्या यादीतही नसतो. त्याचे नाव फक्त नोंदणीच्या यादीत असते. म्हणून शक्य असेल तर नमुना नोंदणीच्या यादीतून काढावा. तसेच दोन्ही गटांना एकाच टप्प्यावर विचारावे. एका गटाला चुकारे मिळण्याआधी गाठले आणि दुसऱ्याला नंतर, तर आपण यंत्रणांची नव्हे, पैसे येण्याआधीच्या आणि नंतरच्या मनःस्थितीची तुलना करतो. अशी चूक कितीही फॉर्म वाढवले तरी भरून निघत नाही.

इथपर्यंत दोन गटांची गोष्ट झाली. पण अहवाल हाती आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तालुकावार सांगा. जिल्ह्यात आठ तालुके. चारशे फॉर्म सारखे वाटले तरी तालुक्याच्या वाट्याला पन्नास येतात. सूत्रात पन्नास घालून पाहिले की मार्जिन जवळपास १४ टक्के येते. फॉर्म आठपट कमी झाले, पण मार्जिन आठच्या वर्गमूळाएवढे, म्हणजे पावणेतीनपटीपेक्षा थोडे जास्त रुंदावले. आदिवासी शेतकऱ्यांचा वेगळा आकडा काढायचा झाला तरी तेच होते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. त्याच प्रमाणात नमुना पडला, तर चारशेत ६५ जण येतील आणि त्यांच्या आकड्याभोवती १२ टक्क्यांचे मार्जिन राहील.

यावर हमखास येणारे उत्तर असे, अहो, तालुका लहान आहे, त्याला कमी फॉर्म पुरायला हवेत. हा समज मनातून काढणे सर्वांत कठीण जाते, पण सूत्राकडे पुन्हा पाहा. त्यात एकूण शेतकरी किती, हा आकडा कुठेच नाही. मार्जिन ठरते ते किती जणांना विचारले यावर. किती जणांमधून निवडले याचा परिणाम तेव्हाच जाणवतो, जेव्हा नमुना एकूण संख्येचा मोठा हिस्सा होतो. तालुक्यात दहा हजार शेतकरी असतील आणि चारशेंना विचारले, तर मार्जिन ४.९ वरून ४.८ होते, बस.

याची साक्ष गोंदियातल्या प्रत्येक विमाधारक धान उत्पादकाजवळ आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसान भरपाईसाठी सरासरी उत्पादन काढताना पीक कापणी प्रयोग करतात. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रमुख पिकासाठी किमान प्रयोगांची संख्या ठरवून दिलेली होती. जिल्हा हा घटक असेल तर २४, तालुका असेल तर १६, महसूल मंडळ असेल तर १०, ग्रामपंचायत असेल तर ४. आता २४ ला आठ तालुक्यांनी भागून पाहा. तालुक्याला तीन प्रयोग येतात, पण नियम सोळा मागतो. आठही तालुक्यांचे वेगवेगळे उत्पादन हवे असेल तर १२८ प्रयोग लागतात. घटक लहान झाला की त्यातले शेत शेतासारखे दिसू लागते, म्हणून थोडी सूट मिळते, पण क्षेत्राच्या प्रमाणात मुळीच नाही. समाधानाच्या पाहणीत ती सूटही धरू नये. एकाच गावातला एक शेतकरी खूश आणि शेजारचा नाराज, हे जिल्ह्यात जितके घडते जवळपास तितकेच गावातही घडते.

तालुक्यांची क्रमवारी लावणे हा याहून मोठा धोका आहे. एक कल्पना करा. आठही तालुक्यांत खरोखर नेमके ६० टक्के शेतकरी समाधानी आहेत, कुठेही तसूभर फरक नाही. प्रत्येक तालुक्यात पन्नास फॉर्म भरले. केवळ योगायोगाने सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या तालुक्यात सरासरी किती अंतर पडेल? सुमारे २० टक्के. एक तालुका ७० वर, दुसरा ५० वर, आणि मध्ये बाकीचे. वर्तमानपत्रात 'अमुक तालुका अव्वल, तमुक तळाला' अशी बातमी येईल, तळाच्या तालुक्यातल्या केंद्रप्रमुखाला खुलासा मागितला जाईल, आणि पुढच्या हंगामात तीच पाहणी केली तर क्रम पार बदललेला असेल. आठ तालुक्यांच्या जोड्या २८ होतात. प्रत्येक जोडीची वेगळी चाचणी केली, तर काहीही फरक नसताना सरासरी एखादी जोडी तरी 'लक्षणीय' ठरते. त्यामुळे तालुके आधीच ठरवलेल्या एखाद्या प्रश्नासाठीच तपासावेत. आकडे पाहून मग बोलका वाटणारा तालुका उचलू नये.

मग तालुक्यांचे आकडे द्यायचेच नाहीत का? द्यायचे, पण आधी ठरवून आणि खर्च करून. प्रत्येक तालुक्याला ५ टक्क्यांचे मार्जिन हवे असेल, तर तालुक्यामागे ३८५, म्हणजे तीन हजारांहून जास्त फॉर्म होतात आणि ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. मी दोन मार्ग सुचवेन. एक म्हणजे तालुक्यांचे दोन पट्टे करावेत, उदाहरणार्थ देवरी-सालेकसा-अर्जुनी मोरगाव-सडक अर्जुनी एक आणि गोंदिया-तिरोडा-गोरेगाव-आमगाव दुसरा. मग पट्ट्यांबद्दलच बोलावे. मात्र हे पट्टे यंत्रणांच्या कार्यक्षेत्राशी बरेचसे जुळतात. अंतर, रस्ते, जमीनधारणा सगळेच दोन्हीकडे वेगळे आहे, त्यामुळे निघालेला फरक यंत्रणेचा की भागाचा हे पाहणीतून वेगळे करता येणार नाही, हे अहवालात लिहावे. दुसरा मार्ग म्हणजे ज्या एक-दोन तालुक्यांबद्दल खरोखर निर्णय घ्यायचा आहे, तिथेच मुद्दाम जास्त फॉर्म भरावेत. तसे केल्यास जिल्ह्याचा एकत्रित आकडा काढताना प्रत्येक तालुक्याला नोंदणीकृत शेतकऱ्यांच्या प्रमाणात भार द्यावा लागतो, नाहीतर सालेकसा गोंदियाइतकाच मोठा असल्यासारखा हिशेब होतो.

आणखी एक मोह म्हणजे 'अल्पभूधारकांमध्ये दोन यंत्रणांतली दरी जास्त आहे' असे विधान. ही फरकातल्या फरकाची तुलना आहे. चार लहान गटांचे आकडे एकाच वेळी हलत असतात. जेवढा फरक पकडायला दोन गटांत मिळून ७१२ फॉर्म लागत होते, तेवढाच फरक इथे पकडायला सुमारे २,८५० लागतात. पाहणी त्यासाठी आखलेली नसेल, तर ते विधान करू नये.

पाहणी आधीच झालेली असेल, चारशे फॉर्म कपाटात असतील, तरी ते वाया गेलेले नाहीत. निकाल हाती आल्यावर त्याच आकड्यांवरून पॉवर काढत बसू नये. फरक लक्षणीय निघाला नाही की ती कमीच येते, त्यातून नवे काही कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक टक्केवारीशेजारी फॉर्मची संख्या आणि मार्जिन छापावे. पन्नासहून कमी फॉर्मांच्या गटाची टक्केवारी छापूच नये, '३२ पैकी २१' असे लिहावे. वीस-वीस केंद्रांवर प्रत्येकी दहा फॉर्म भरले असतील, तर वरच्या ६८ आणि ६० च्या उदाहरणात ९.४ चे मार्जिन १.४५ च्या वर्गमूळाने, म्हणजे १.२ ने, वाढून ११.३ होते. अहवालात ते असे लिहिता येईल: 'दोन्ही यंत्रणांच्या केंद्रांवर मिळून ६४ टक्के शेतकरी समाधानी आढळले, मार्जिन ६ टक्के. अ यंत्रणेत हे प्रमाण ६८ आणि ब यंत्रणेत ६० टक्के होते. दोहोंतला फरक उणे ३ ते अधिक १९ टक्के या पट्ट्यात कुठेही असू शकतो. त्यामुळे कोणती यंत्रणा सरस हे या पाहणीवरून ठरत नाही, आणि दोघी सारख्या आहेत असेही ठरत नाही. दहा टक्क्यांचा फरक पकडायचा असल्यास पुढच्या हंगामात प्रत्येक यंत्रणेच्या ५२ केंद्रांवर दहा-दहा शेतकऱ्यांना विचारावे लागेल.'